केस वाचून मेकॅनिझमपर्यंत मागे कसं जायचं: उलट्या होणाऱ्या पेशंटची एक केस, पहिल्यापासून शेवटपर्यंत

फर्स्ट इयर एमबीबीएसच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवताना मला एक गोष्ट कायम दिसते. चॅप्टर त्यांना येत असतो, नेफ्रॉनचं चित्र डोळे मिटून काढतील, पण पेपरात केस आली की पहिल्या दोन ओळी वाचून मुलं लगेच रोगाचं नाव लिहून मोकळी होतात आणि मग त्या नावाखाली जे पाठ आहे ते सगळं उतरवतात. २०१९ नंतरच्या अभ्यासक्रमात केसवरचे प्रश्न पेपरात नेहमीचेच झालेत, आणि त्यात मार्क असतात ते "हे का झालं" याला. नाव लिहून एखादा मार्क मिळतो, बाकीचे त्या का मध्ये अडकलेले असतात.

म्हणून इथे एकच केस घेतेय आणि ती नीट, सावकाश सोडवायची. दहा केस वरवर बघण्यापेक्षा एक केस मुळापर्यंत खणली तर जास्त हाती लागतं, निदान या विषयात तरी.

केस अशी आहे. मार्केट यार्डात हमाली करणारे एक काका, वय ४८. पाठ दुखते म्हणून कित्येक वर्षं मेडिकलमधून पेनकिलर आणून खातात, पोटात जळजळ जुनीच. गेले सहा दिवस उलट्या, दिवसाला साधारण दीड लिटर, आणि उलटीत काल रात्री खाल्लेली भाकरी तशीच दिसते, पण हिरवं-पिवळं काही पडत नाही. उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, पायात गोळे येतात, ओठाभोवती आणि बोटांना मुंग्या, आणि अंगात त्राण नाही, जिना चढवत नाही. बीपी झोपून १००/७०, उभं केल्यावर ८०/५५, पल्स ११२, श्वास उथळ आणि सावकाश. ससूनसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत असे पेशंट येत असतात, ही काही पुस्तकातली दुर्मिळ गोष्ट नाही.

रिपोर्ट: सोडियम १३४, पोटॅशियम २.६, क्लोराइड ८०, बायकार्ब ४०, हे सगळे मिलीइक्विव्हॅलंट पर लिटर. रक्ताचा पीएच ७.५३, कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर ४९. टोटल कॅल्शियम नॉर्मल. युरीनचा पीएच ५.५, युरीन सोडियम १२, युरीन पोटॅशियम ३०, युरीन क्लोराइड १० पेक्षा कमी.

प्रश्न: या पेशंटमध्ये काय बिघडलंय ते सांगा आणि प्रत्येक लक्षणाचं कारण द्या.

आधी नाव विसरा, वाक्यं फोडा

पहिलं काम म्हणजे कागदाच्या डाव्या बाजूला केसमधली प्रत्येक गोष्ट एकेका ओळीत लिहायची आणि तिच्यासमोर ती शरीरातल्या कुठल्या घटनेची खूण आहे ते साध्या भाषेत लिहायचं. इथे रोगाचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. "अंधारी येते" याच्यासमोर "उभं राहिल्यावर हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतंय, बॅरोरिसेप्टर पल्स वाढवतात तरी बीपी सावरत नाही, म्हणजे नळ्यांमधलं व्हॉल्यूम कमी आहे". "मुंग्या" याच्यासमोर "नर्व्ह नको तेव्हा फायर होतेय". "जिना चढवत नाही" याच्यासमोर "मसल हवा तेव्हा फायर होत नाही". आता ह्या शेवटच्या दोन ओळी एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे लगेच दिसतं, आणि असं दिसलं की त्यावर गोल करून ठेवायचा, कारण अशा विरोधातच केसची गंमत असते आणि बहुतेक वेळा प्रश्नही. नाव आधी लिहिलं असतं तर हा विरोध दिसलाच नसता.

केसमध्ये "नाही" असं जे लिहिलंय तेसुद्धा ओळ म्हणून उतरवायचं. उलटीत हिरवं-पिवळं नाही, याचा अर्थ पित्त स्टमकपर्यंत येत नाहीये, म्हणजे अडथळा ड्युओडेनममध्ये जिथे पित्त आणि पॅनक्रियाचा रस येऊन पडतो त्याच्या वर आहे. कालची भाकरी आज बाहेर येते, म्हणजे स्टमक रिकामं होत नाही. जुना अल्सर, तिथे व्रण होऊन पायलोरस आवळलेला, हे ॲनाटॉमीपुरतं कळलं. याचा फिजिऑलॉजीतला अर्थ असा की पेशंट फक्त स्टमकचा रस गमावतोय, त्यात ॲसिड आहे पण पॅनक्रियाचं बायकार्ब नाही. अडथळा खाली आतड्यात असता तर दोन्ही गेलं असतं आणि रिपोर्ट इतके टोकाचे आले नसते.

कुठल्या आकड्यापासून सुरुवात करायची

मुलं बहुतेक वेळा पोटॅशियमपासून सुरू करतात कारण २.६ बघून भीती वाटते. पण पोटॅशियम कमी होण्याची कारणं खूप, मागे जाताना पहिल्याच पावलाला वाटा फुटतात आणि गोंधळ होतो. सुरुवात अशा आकड्यापासून करावी जो नॉर्मलपासून लांब आहे आणि ज्याची कारणं मोजकी आहेत. इथे तो बायकार्ब आहे, २४ असायला हवा तो ४० आहे.

बायकार्ब दोन प्रकारे वाढतो. एक तर फुफ्फुसात कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस साठला आणि किडनीने भरपाई म्हणून बायकार्ब वाढवला, किंवा मग बायकार्बच आधी वाढला. हे पीएच सांगतो. कार्बन डायऑक्साइड मूळ कारण असता तर पीएच ७.४ च्या खाली राहिला असता, इथे तो ७.५३ आहे, म्हणजे बायकार्ब मूळ आणि ४९ ही फुफ्फुसाची भरपाई. भरपाई पुरेशी आहे का ते बघायला एक सोपा अंदाज वापरतात:

```
pCO2 = 0.7 × HCO3 + 20
```

४० टाकले तर ४८ येतं, दोन-चार इकडेतिकडे चालतं, पेशंटचं ४९ आहे, छान जुळलं. नुसत्या या एका गणिताने केसमधला "उथळ, सावकाश श्वास" सुटतो. रक्त अल्कलाइन झालं की केमोरिसेप्टरकडून श्वासाला मिळणारा जोर कमी होतो, व्हेंटिलेशन घटतं, कार्बन डायऑक्साइड चढतो. याला मर्यादा आहे, कारण श्वास फार कमी केला तर ऑक्सिजनही पडायला लागतो आणि मग तीच सिस्टीम श्वास परत वाढवते, म्हणून ही भरपाई साधारण ५५ च्या पुढे सहसा जात नाही. एखाद्या केसमध्ये ६५ दिलं असेल तर समजायचं की फुफ्फुसाचाही वेगळा काही घोळ आहे.

पहिला प्रश्न: हा बायकार्ब आला कुठून

इथपर्यंत आल्यावर "उलटीत ॲसिड गेलं म्हणून अल्कलोसिस" असं लिहून मुलं पुढे जातात. हे चूक नाही पण यात सेल नाही, पंप नाही, आणि जिथे सेल आणि पंपाचं नाव सांगता येत नाही तिथे तुमच्या साखळीत एक कडी गायब आहे असं धरून चाला. ही माझी साधी कसोटी आहे, प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचं की हे नेमकं कुठल्या सेलच्या कुठल्या भिंतीवर घडतंय.

स्टमकच्या पॅरायटल सेलमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि पाणी कार्बोनिक अनहायड्रेजच्या मदतीने एकत्र येतात, त्यातून एक हायड्रोजन आयन आणि एक बायकार्ब तयार होतो. हायड्रोजन स्टमकच्या पोकळीत जातो, हायड्रोजन-पोटॅशियम एटीपेज नावाच्या पंपातून. बायकार्ब मागच्या दाराने रक्तात जातो आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड सेलमध्ये येतं, तेच क्लोराइड पुढे पोकळीत जाऊन ॲसिडला जोडीदार मिळतो. म्हणजे स्टमकने जेवढं ॲसिड बनवलं तेवढाच बायकार्ब रक्तात पडला, प्रत्येक जेवणानंतर, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या.

मग आपल्याला रोज अल्कलोसिस का होत नाही? कारण ते ॲसिड ड्युओडेनममध्ये उतरतं, तिथे सिक्रेटिन सुटतं, पॅनक्रिया बायकार्ब ओततो, आणि पॅनक्रियाचा सेल बरोबर उलटं काम करतो, बायकार्ब आतड्यात आणि हायड्रोजन रक्ताकडे. हिशोब मिटतो. काकांच्या बाबतीत ॲसिड पायलोरस ओलांडतच नाही, ते बादलीत जातं, सिक्रेटिनला निरोपच मिळत नाही, आणि रक्तात पडलेला बायकार्ब तसाच राहतो. क्लोराइड ८० का, हेही इथेच सुटलं, ते ॲसिडबरोबर गेलं.

दुसरा प्रश्न: आला तर आला, टिकला कसा

सगळ्या केसमध्ये हा दुसरा प्रश्न विचारायची सवय लावा. शरीरातला कुठलाही आकडा बिघडला की त्याला जागेवर आणणारी एक यंत्रणा असते, म्हणून आकडा बिघडलेला दिसतो तेव्हा दोन गोष्टी झालेल्या असतात, कुणीतरी तो ढकलला आणि कुणीतरी तो परत येऊ दिला नाही. नुसतं ढकलणाऱ्याचं नाव लिहिलं की उत्तर अर्धं राहतं.

बायकार्बचा राखणदार किडनी. रक्तात तो साधारण २६ ते २८ च्या वर गेला की धडधाकट किडनी जास्तीचा लघवीत सोडून देते, आणि हे ती फार सहज करते. निरोगी माणसाला सोडा बायकार्बच्या गोळ्या दिल्या तर काही तासात लघवी अल्कलाइन होते आणि रक्तात फारसा फरक दिसत नाही. मग काकांची किडनी ४० बघून गप्प का?

इथे डाव्या बाजूच्या यादीकडे परत जायचं. अंधारी, पल्स ११२, उभ्याने बीपी ८०. व्हॉल्यूम कमी. किडनीला रक्त कमी मिळालं की रेनिन सुटतं, अँजिओटेन्सिन टू बनतं, आणि ते प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमधल्या सोडियम-हायड्रोजन एक्स्चेंजरला जोर देतं. सोडियम वाचवायचं तर त्या एक्स्चेंजरला बदल्यात हायड्रोजन पोकळीत टाकावा लागतो, आणि पोकळीत टाकलेल्या प्रत्येक हायड्रोजनमागे एक फिल्टर झालेला बायकार्ब रक्तात परत येतो. किडनीला सोडियम आणि पाणी हवंय, त्याच्याबरोबर बायकार्ब आपोआप चिकटून येतोय. शिवाय ग्लोमेरूलसमधून फिल्टरच कमी होतंय, त्यामुळे बाहेर पडायची संधीही कमी.

पुढे कलेक्टिंग डक्टमध्ये बायकार्ब बाहेर टाकायची खास सोय आहे, टाइप बी इंटरकॅलेटेड सेल, त्यांच्या पोकळीकडच्या भिंतीवर पेंड्रिन नावाचा एक्स्चेंजर असतो. तो बायकार्ब बाहेर टाकतो पण बदल्यात त्याला पोकळीतून क्लोराइड लागतं. आणि काकांच्या युरीनमध्ये क्लोराइड १० पेक्षा कमी! बदल्यात द्यायला काही नाही म्हणून दार बंद. म्हणूनच या अवस्थेचं खरं कुलूप क्लोराइडची कमतरता आहे असं मी मुलांना सांगते, आणि रिपोर्टमधलं युरीन क्लोराइड हा केसमधला सगळ्यात बोलका आकडा आहे, जो अर्धी मुलं वाचतही नाहीत.

आता पोटॅशियम, आणि थोडं गणित

"उलटीत पोटॅशियम गेलं म्हणून हायपोकॅलेमिया." हे वाक्य मी इतक्या उत्तरपत्रिकांमध्ये वाचलंय. ऐकायला बरोबर वाटतं, पण करून बघा हिशोब. स्टमकच्या रसात पोटॅशियम लिटरला साधारण १० मिलीइक्विव्हॅलंट. दीड लिटर रोज, सहा दिवस, म्हणजे नऊ लिटर, म्हणजे ९०. आता रक्तातलं पोटॅशियम ४ वरून ३ वर यायला शरीरातून ढोबळमानाने २०० ते ४०० जावं लागतं, आणि आपला पेशंट तर २.६ वर आहे. ९० मध्ये हे बसत नाही. अल्कलोसिसमुळे थोडं पोटॅशियम सेलच्या आत सरकतं, खाणंही बंद आहे, तरी मोठा वाटा अजून सापडायचाय.

तो युरीनमध्ये आहे. रक्तात २.६ असताना शहाण्या किडनीने पोटॅशियम घट्ट धरायला हवं होतं, युरीनमध्ये २० च्या खाली, आणि इथे ३० आहे. म्हणजे किडनी घालवतेय. का? व्हॉल्यूम कमी म्हणून आल्डोस्टेरॉन वाढलेलं आहे, ते कलेक्टिंग डक्टच्या प्रिन्सिपल सेलमध्ये सोडियमचे चॅनेल उघडतं, सोडियम आत गेलं की पोकळी निगेटिव्ह होते, आणि त्या निगेटिव्ह पोकळीकडे पोटॅशियम ओढलं जातं. पहिल्या दोन-तीन दिवसात हे फार जोरात होतं, कारण तेव्हा बायकार्बचा लोंढा इतका असतो की प्रॉक्सिमल ट्यूब्यूलला सगळा परत घेता येत नाही, उरलेला बायकार्ब सोडियमला सोबत घेऊन खालपर्यंत पोचतो, आणि तिथे सोडियम भरपूर अधिक आल्डोस्टेरॉन भरपूर, हे समीकरण पोटॅशियमसाठी वाईट. या दिवसात व्हॉल्यूम कमी असूनसुद्धा युरीन सोडियम वाढलेलं दिसू शकतं, म्हणून उलटीच्या केसमध्ये व्हॉल्यूमचा अंदाज सोडियमवरून घेतला तर फसायला होतं, क्लोराइड बघावं.

असं गणित परीक्षेत दोन ओळीत मांडलं तरी पुरे. लांबलचक पॅरेग्राफपेक्षा "रसातून फक्त ९०, मग बाकीचं कुठून" हे लिहिलेलं तपासणाऱ्याला लगेच कळतं की पोराने विचार केलाय.

रक्त अल्कलाइन, लघवी ॲसिडिक

इथे हमखास कोणीतरी हात वर करून विचारतं, "मॅडम, रिपोर्टमध्ये टायपिंगची चूक आहे का? रक्त ७.५३ आणि युरीन ५.५?" चूक नाही. साखळी बरोबर लावली असेल तर हे आश्चर्य वाटायलाच नको.

आता सहावा दिवस आहे. व्हॉल्यूम आणखी कमी झालंय, प्रॉक्सिमल ट्यूब्यूल फिल्टर झालेला जवळजवळ सगळा बायकार्ब परत घेतोय, त्यामुळे लघवीला अल्कलाइन करायला काही उरत नाही. दुसरीकडे डिस्टलला आल्डोस्टेरॉन हायड्रोजनही बाहेर टाकायला लावतंय. आणि पोटॅशियम संपत आल्यामुळे टाइप ए इंटरकॅलेटेड सेल आपल्या हायड्रोजन-पोटॅशियम पंपाने पोटॅशियम वाचवतात आणि बदल्यात हायड्रोजन देतात. किडनीसमोर दोन कामं आहेत, व्हॉल्यूम आणि पीएच, आणि ती व्हॉल्यूम निवडते. याला पॅराडॉक्सिकल ॲसिडयुरिया म्हणतात. नाव पाठ असून उपयोग नाही, ते कुठल्या दिवशी दिसतं आणि का, ते सांगता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी याच पेशंटची लघवी तपासली असती तर पीएच सातच्या वर आला असता.

गोल केलेला विरोध

आता त्या मुंग्या आणि त्या अशक्तपणाकडे. दोन्ही एकाच पेशंटमध्ये कसे?

मुंग्या आणि पायातले गोळे कॅल्शियममुळे. रक्त अल्कलाइन झालं की अल्ब्युमिनवरचे हायड्रोजन सुटतात आणि त्या रिकाम्या जागांवर कॅल्शियम जाऊन बसतं. टोटल कॅल्शियम तेवढंच, म्हणून रिपोर्ट नॉर्मल, पण मोकळं आयोनाइज्ड कॅल्शियम कमी झालं. मोकळं कॅल्शियम कमी असलं की नर्व्हचे सोडियम चॅनेल थोड्याशा धक्क्यानेही उघडतात, म्हणजे थ्रेशोल्ड रेस्टिंग पोटेन्शियलच्या जवळ सरकतो. बीपीचा कफ काही मिनिटं फुगवून ठेवला तर काकांचा हात आकसून येईल, ती ट्रूसो साइन.

अशक्तपणा पोटॅशियममुळे. सेलच्या आत पोटॅशियम साधारण १४० आणि बाहेर ४ असताना नर्न्स्टच्या समीकरणाने पोटॅशियमचं इक्विलिब्रियम पोटेन्शियल उणे ९४ मिलिव्होल्टच्या आसपास येतं, बाहेर २.६ झालं की तेच उणे १०६ च्या आसपास जातं. खरी मेम्ब्रेन एवढी पूर्ण सरकत नाही कारण तिच्यातून इतर आयनही जातात, पण दिशा तीच, रेस्टिंग पोटेन्शियल थ्रेशोल्डपासून लांब गेलं. मसलला फायर व्हायला जास्त धक्का लागतो. ईसीजीत टी वेव्ह चपटी आणि नंतर यू वेव्ह दिसेल.

म्हणजे एक बिघाड थ्रेशोल्ड जवळ आणतोय आणि दुसरा रेस्टिंग लांब नेतोय. कुठे काय जास्त जाणवेल हे टिश्यूवर अवलंबून, संवेदनेच्या नर्व्हमध्ये मुंग्या, मांडीच्या मोठ्या मसलमध्ये अशक्तपणा. प्रश्नात दोन्ही दिले असतील तर उत्तरात दोन्ही वेगवेगळे लिहा, "इलेक्ट्रोलाइट इम्बॅलन्समुळे" असं एकत्र गुंडाळलं की मार्क जातात.

साखळी खरी आहे का, ते तपासायचं कसं

मागे चालत मुळापर्यंत पोचलात की आता पुढे चालून बघायचं. तुमचं मेकॅनिझम बरोबर असेल तर त्यातून एखादं भाकीत निघालं पाहिजे जे केसमध्ये दिलेलं नाही. आपली साखळी सांगते की कुलूप व्हॉल्यूम आणि क्लोराइडचं आहे. मग नुसतं नॉर्मल सलाइन दिलं, ज्यात बायकार्ब कमी करणारं ॲसिड अजिबात नाही, तरी अल्कलोसिस सुटायला हवा. तसंच होतं. व्हॉल्यूम आलं की अँजिओटेन्सिन आणि आल्डोस्टेरॉन उतरतात, क्लोराइड पेंड्रिनपर्यंत पोचतं, बायकार्ब बाहेर पडायला लागतो, आणि युरीनचा पीएच ५.५ वरून सातच्या वर चढतो. आणि पोटॅशियम द्यायचं तर क्लोराइडच्या रूपात, पोटॅशियम सिट्रेट देऊन चालणार नाही कारण सिट्रेटचा लिव्हरमध्ये बायकार्बच होतो, म्हणजे एक भरलं आणि दुसरं वाढवलं. हे उत्तर पाठ न करता साखळीतून निघालं, यालाच मी साखळी लागली म्हणते. अर्थात हे कागदावरच्या केसचं आहे, खऱ्या पेशंटला किती आणि किती वेगाने द्यायचं हे वॉर्डात सिनियरच ठरवतात.

दुसरी तपासणी, केसमधल्या काही गोष्टी बदलायच्या. तेच पोटॅशियम २.६, बायकार्ब ३६, पण उलटी नाही, बीपी १७०/१०५ आणि युरीन क्लोराइड ६०. आता व्हॉल्यूम कमी नाही, उलट जास्त आहे, तरी किडनी पोटॅशियम आणि हायड्रोजन घालवतेय, म्हणजे आल्डोस्टेरॉन कुणी न बोलावता आलंय. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेली ॲड्रीनलची गाठ, तिथे रेनिन दबलेलं मिळेल, आणि सलाइन दिलं तर अल्कलोसिस हलणार नाही. काकांमध्ये रेनिन वाढलेलं होतं. आल्डोस्टेरॉन दोघांतही जास्त, पण त्याच्या मागे एक पाऊल गेलात तरच दोघं वेगळे दिसतात.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगते. दोन बिघाड एकत्र असले की आकडे एकमेकांना झाकतात. काका आणखी चार दिवस घरी राहिले असते आणि शॉकमध्ये आले असते तर लॅक्टिक ॲसिडने बायकार्ब खाल्ला असता, रिपोर्टमध्ये तो २६ दिसला असता आणि पीएच जवळजवळ नॉर्मल. वाटेल सगळं ठीक आहे. म्हणून प्रत्येक केसमध्ये ॲनायन गॅप काढायचाच, सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा. आपल्या काकांचा १३४ वजा ८० वजा ४०, म्हणजे १४, ठीक आहे, लपलेलं ॲसिड फारसं नाही. त्या दुसऱ्या स्थितीत तो २८ च्या आसपास आला असता आणि नॉर्मल दिसणाऱ्या बायकार्बचं बिंग फुटलं असतं.

आणि वेळ. एकच सॅम्पल हे एका क्षणाचं असतं. समजा वीस वर्षांची मुलगी आली, बीपी कमी, पोटॅशियम २.७, बायकार्ब ३५, उलटी होत नाही म्हणते, आणि युरीन क्लोराइड ५५. व्हॉल्यूम कमी असूनही किडनी क्लोराइड टाकतेय, म्हणजे ट्यूब्यूलमध्येच कुणीतरी क्लोराइड परत घेऊ देत नाहीये. वजन कमी करायला लघवीच्या गोळ्या घेतल्या असतील तर हेच चित्र दिसतं. पण गोळीचा असर उतरल्यावर त्याच मुलीचं युरीन क्लोराइड १० च्या खाली येतं आणि मग ती हुबेहूब काकांसारखी दिसते. तिथे शेवटची गोळी कधी घेतली ते विचारायचं, आणि एकाच दिवसाच्या लघवीवर भरवसा न ठेवता दुसऱ्या-तिसऱ्या वेळी परत क्लोराइड मोजायचं.